बॅटल कार्ड असं संपादित करा की आक्षेप, उत्तर आणि पुरावा दहा सेकंदांत हाती लागेल

बॅटल कार्ड म्हणजे ग्राहकाचे आक्षेप आणि त्यांची उत्तरं विक्री प्रतिनिधीच्या हाताशी ठेवणारा कागद. तो लिहिणारा माणूस ते वरपासून खालपर्यंत, शांतपणे वाचतो. वापरणारा ते ग्राहक बोलत असताना वाचतो. एक कान कॉलवर, एक डोळा स्क्रीनवर आणि हातात पाच-दहा सेकंद. बहुतेक कार्डं पडून राहतात ती इथेच. मजकूर बरोबर असतो, पण तो पहिल्या प्रकारच्या वाचकासाठी लिहिलेला असतो.

समजा, गोदामांमधला साठा सांभाळणारं सॉफ्टवेअर विकणारी एक कंपनी आहे. तिचं कार्ड चार पानी. पहिल्या पानावर कंपनीची ओळख आणि प्रतिस्पर्ध्याची ओळख, दुसऱ्यावर हिरव्या खुणांनी भरलेला तीसेक ओळींचा तुलनातक्ता, तिसऱ्याच्या खालच्या अर्ध्या भागात बारीक अक्षरात ‘संभाव्य आक्षेप व प्रत्युत्तरे’, चौथ्यावर ग्राहकांचे लोगो. कंपनी काल्पनिक आहे, पण कार्ड ओळखीचं वाटलं असेल. ते दुरुस्त कसं करायचं ते आता पाहू. नव्याने काही लिहिण्याचं काम यात कमी आहे. खोडण्याचं आणि हलवण्याचं जास्त.

आधी दोन कागद वेगळे करा

त्या चार पानांत दोन वेगळ्या गरजा एकत्र कोंबल्या आहेत. एक म्हणजे मीटिंगच्या आदल्या दिवशीची तयारी: प्रतिस्पर्धी कोण, तो कुठे जिंकतो, आपण कुठे हरतो, त्याची दरपद्धत कशी आहे. दुसरी म्हणजे कॉलवर अचानक आलेला प्रश्न. तयारीसाठी वीस मिनिटं मिळतात, प्रश्नाला सेकंद. एकच कागद दोन्ही कामं करायला गेला की सेकंदांचं काम मागे पडतं, कारण तयारीचा मजकूर नेहमीच लांब असतो आणि नेहमीच वर येऊन बसतो.

म्हणून पहिलं काम कात्रीचं. कंपनीची ओळख, बाजाराचं चित्र, तुलनातक्ता, दरांचे बारकावे हे सगळं ‘तयारीचं टिपण’ नावाच्या वेगळ्या दस्तऐवजात टाका आणि कार्डाच्या तळाशी त्याचा दुवा द्या. कार्डावर फक्त आक्षेप, उत्तर आणि पुरावा ठेवा. तुलनातक्ता हलवताना प्रॉडक्टची मंडळी कुरकुर करतील, कारण त्यावर त्यांचे कष्ट गेलेले असतात. त्यांना एवढंच विचारा: ग्राहकाशी बोलता बोलता तक्त्यातली सतरावी ओळ कोणी वाचेल का?

आक्षेप ग्राहकाच्या तोंडचे घ्या

जुन्या कार्डावर आक्षेप असे होते: ‘अंमलबजावणीविषयी शंका’, ‘किमतीबाबत संवेदनशीलता’, ‘बदलास विरोध’. असं कुठलाही ग्राहक बोलत नाही. कानावर एक वाक्य पडतं आणि कार्डावर दुसरंच दिसतं. या दोहोंची सांगड मनातल्या मनात घालण्यातच प्रतिनिधीचे सेकंद संपतात. त्यामुळे शीर्षकात ग्राहकाचं वाक्यच हवं, अवतरणचिन्हांत, जसं बोललं गेलं तसं.

ही वाक्यं मिळवायला सीआरएममधल्या, म्हणजे ग्राहकांच्या नोंदी ठेवणाऱ्या प्रणालीतल्या, ‘डील का गेली’ या रकान्यावर विसंबू नका. तो रकाना प्रतिनिधी डील गेल्यावर, घाईत भरतो आणि यादीतला ‘किंमत’ हा पर्याय सगळ्यांत सोयीचा असतो. त्यातून फार तर कल कळतो, वाक्य मिळत नाही. वाक्यं मिळतात ती कॉलच्या रेकॉर्डिंगमधून, अर्थात ते ग्राहकाच्या संमतीने केलेलं असेल तर. गेल्या तीन महिन्यांतले पंधरा-वीस कॉल निवडा, त्यात जिंकलेल्या आणि हरलेल्या दोन्ही डील असू द्या. आक्षेप आला की चार गोष्टी टिपा: नेमकं वाक्य, बोलणारा कोण (वापरणारा, हिशेब बघणारा की आयटीवाला), डील कोणत्या टप्प्यावर होती आणि उत्तरानंतर ग्राहक पुढे काय म्हणाला. ही चौथी नोंद फार मोलाची, कारण कोणतं उत्तर पटलं आणि कोणत्या उत्तरावर ग्राहक नुसता ‘बरं’ म्हणून गप्प झाला, ते तिथे दिसतं.

रेकॉर्डिंग नसेल तर प्रतिनिधींना विचारा, पण ‘सगळ्यांत मोठं ऑब्जेक्शन कोणतं?’ असं नको. या प्रश्नाला प्रत्येक जण सर्वांत कटू आठवण सांगतो. ‘शेवटच्या कॉलवर कुठे अडलात? समोरचा नेमकं काय म्हणाला?’ असं विचारलं की वाक्य मिळतं. ग्राहकाकडे सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्या ऑनबोर्डिंग टीमलाही गाठा. विक्रीच्या वेळी मनात राहिलेली शंका ग्राहक पुष्कळदा त्यांच्यापाशी बोलून दाखवतो.

चाळीस-पन्नास वाक्यं जमली की गट पाडायचे. इथे शब्द बघून गट पाडण्याचा मोह होतो: ‘किंमत’ आली की एका ढिगात, ‘डेटा’ आला की दुसऱ्यात. त्यापेक्षा उत्तर बघून गट पाडा. दोन वाक्यं वेगळी पण उत्तर एकच, तर कार्डावर एक ओळ. वाक्य एकच पण उत्तरं दोन, तर दोन ओळी. ‘जुना डेटा येईल का?’ आणि ‘पाच वर्षांच्या नोंदी हाताने भरायच्या का?’ या दोन्हींचं उत्तर एकच आहे. उलट ‘डेटाचं काय?’ हे विचारणाऱ्या आयटीवाल्याला सुरक्षिततेची काळजी असू शकते आणि गोदाम सांभाळणाऱ्याला नोंदी हलवण्याची.

अशी विभागणी झाली की कार्डाच्या दर्शनी पानावर सहा ते आठ ओळीच ठेवा, वारंवार येणाऱ्या वर. बाकीच्या मागच्या पानावर. यापेक्षा जास्त ओळी झाल्या की माणूस पाहायचं सोडून शोधायला लागतो.

‘महाग आहे’ ही एक ओळ नसते

हा आक्षेप प्रत्येक कार्डावर असतो आणि बहुतेक वेळा त्याचं उत्तर चुकलेलं असतं. कारण ‘महाग आहे’ या दोन शब्दांमागे निदान तीन वेगळी माणसं उभी असतात. एकाच्या हातात प्रतिस्पर्ध्याचं कमी दराचं पत्रक आहे. दुसऱ्याला उत्पादन आवडलंय, पण या वर्षीच्या अंदाजपत्रकात पैसा नाही. तिसऱ्याला पैसे देण्याइतका फायदाच अजून दिसलेला नाही. पहिल्याला तुलना हवी, दुसऱ्याला पैसे देण्याची वेगळी व्यवस्था, तिसऱ्याला हिशेब. तिघांना एकच परिच्छेद वाचून दाखवला तर दोघांच्या बाबतीत तो वाया जातो. वर दुसऱ्याला तुलना ऐकवली, तर आपण त्याचं ऐकलंच नाही असं त्याला वाटतं.

अशा आक्षेपाखाली उत्तराच्या आधी एक प्रश्न लिहा: ‘कशाच्या तुलनेत जास्त वाटतंय?’ बस, एवढाच. त्याखाली तीन फांद्या. ग्राहक दुसऱ्या कंपनीचं नाव घेतो, तर उत्तर अ. ‘यंदा जमणार नाही’ म्हणतो, तर उत्तर आ. ‘एवढे पैसे कशासाठी?’ म्हणतो, तर उत्तर इ. प्रत्येक फांदीची खूण ग्राहकाच्या शब्दांतच द्या, म्हणजे ती ऐकताक्षणी ओळखू येते.

प्रत्येक आक्षेपाला असा प्रश्न जोडायची गरज नाही. ‘एसओसी 2 आहे का?’, म्हणजे माहितीच्या सुरक्षेचा तपासणी अहवाल आहे का, याला उलट प्रश्न विचारणं म्हणजे टाळाटाळ. गटवारी करताना एका वाक्याची दोन-तीन उत्तरं निघाली असतील तिथेच प्रश्न ठेवा.

उत्तर बोलून बघत लिहा

आता एक ओळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत घेऊ. आपल्या कंपनीच्या कॉलवर सापडलेलं वाक्य असं: ‘मागच्या वेळी सॉफ्टवेअर बदललं तेव्हा तीन दिवस माल बाहेर जाऊ शकला नाही. पुन्हा तो ताप नको.’

जुन्या कार्डावरचं उत्तर:

> आमची अत्याधुनिक मायग्रेशन प्रक्रिया ग्राहककेंद्रित असून अनुभवी तज्ज्ञांच्या साहाय्याने अखंडित व सुरळीत स्थलांतर सुनिश्चित केले जाते. प्रतिस्पर्ध्याच्या तुलनेत आमचा डाउनटाइम नगण्य आहे.

हे मोठ्याने वाचून बघा. ‘सुनिश्चित केले जाते’ असं कुणी बोलत नाही, म्हणून प्रतिनिधी वाचता वाचता स्वतःच्या भाषेत उल्था करतो आणि त्या धांदलीत नको ते वचन देऊन बसतो. दुसरं असं की या उत्तरात काहीच घडत नाही. ग्राहकाला भीती आहे माल अडण्याची, आणि उत्तर सांगतंय की आमची माणसं चांगली आहेत. ‘नगण्य’ म्हणजे किती, हेही कळत नाही.

पहिल्या फेरीत विशेषणं काढली आणि ‘आम्ही नेमकं काय करतो?’ हे बसवून देणाऱ्या टीमला विचारून लिहिलं. त्यातून सव्वाशे शब्दांचा परिच्छेद झाला: फाइल कशी घेतात, कोणते रकाने जुळवतात, चाचणी कशी होते. सगळं खरं, पण पाऊण मिनिटाच्या वर बोलावं लागेल. तेवढा वेळ एकटं बोललं की ते भाषण होतं. उत्तर पंधरा-वीस सेकंदांत संपावं, म्हणजे साधारण पस्तीस ते पन्नास शब्द. मग ग्राहकाला बोलू द्यायचं.

दुसऱ्या फेरीत भीतीला थेट भिडणारी गोष्ट तेवढी ठेवली:

> आम्ही एका दिवसात सगळं बदलत नाही. दोन आठवडे तुमची जुनी प्रणाली आणि आमची नवी सोबत चालतात. रोज संध्याकाळी दोन्हींतला साठा ताडून बघतो. आकडे सलग पाच दिवस जुळले की मगच जुनी बंद करायची, आणि तो दिवस तुम्ही ठरवायचा.

यात वचन आहे, ते कसं पाळलं जातं ते आहे आणि सूत्रं ग्राहकाच्या हातात आहेत. ‘तुमची काळजी मी समजू शकतो’ असलं वाक्य सुरुवातीला मुद्दाम टाकलेलं नाही. ते छापून ठेवलं की सगळेच ते एकाच सुरात म्हणतात आणि तिसऱ्या आक्षेपापर्यंत ग्राहकाला पाठांतर ऐकू यायला लागतं. आपुलकी ज्याने त्याने आपापल्या शब्दांत दाखवावी.

उत्तर लिहून झालं की लगेच स्वतःला ग्राहकाच्या जागी बसवून पुढचा प्रश्न विचारा. इथे तो उघड आहे: ‘म्हणजे दोन आठवडे आमच्या माणसांनी दोन्हीकडे नोंदी करायच्या?’ चांगल्या उत्तरातून निघणारा हा प्रश्न कार्डावर नसेल तर प्रतिनिधी नेमका तिथे अडखळतो आणि आधीच्या उत्तराची कमाईही जाते. टीमने सांगितलं की पहिल्या आठवड्यात नोंदी जुन्या प्रणालीतच होतात आणि रात्री त्यांची फाइल घेतली जाते. दुहेरी नोंद फक्त दुसऱ्या आठवड्यात, तीही एकाच विभागात. हे एका ओळीत ‘पुढचा प्रश्न’ म्हणून खाली गेलं.

आणखी एक ओळ राहते, आणि ती लिहायला बहुतेक जण तयार नसतात: हे उत्तर कुठे लागू पडत नाही. टीमच्या सांगण्यानुसार पाचापेक्षा जास्त गोदामं असतील तर दोन आठवडे पुरत नाहीत. मग कार्डावर तसं लिहा: ‘5 पेक्षा जास्त गोदामं: मुदत सांगू नका, ऑनबोर्डिंग टीमला कॉलवर घ्या.’ विक्रीत दिलेलं चुकीचं वचन नंतर कुणाला तरी निस्तरावं लागतं. ते टाळण्याचा याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही.

पुरावा त्याच आक्षेपाचा हवा

जुन्या कार्डावर या आक्षेपासमोर पुरावा म्हणून लिहिलं होतं: ‘500 हून अधिक समाधानी ग्राहक’. तो कशाचा पुरावा? कंपनी चालते याचा. स्थलांतरात माल अडत नाही याचा नाही. पुरावा तपासायची साधी रीत अशी: पुराव्याचं वाक्य झाकून फक्त आक्षेप वाचा, मग विचारा, ‘कशाने पटेल?’ इथे पटेल ते एवढ्यानेच की आपल्यासारख्याच एका गोदामवाल्याचा माल थांबला नाही.

असा ग्राहक शोधला. तीन गोदामांचा घाऊक वितरक. दोन्ही प्रणाली 11 दिवस सोबत चालल्या. टिपणात नोंद होती, ‘बंद काळ शून्य’. हे तसंच उचलण्याआधी ज्यांनी ते काम केलं त्यांना विचारलं, शून्य म्हणजे काय? तेव्हा कळलं की माल रवाना होणं एकदाही थांबलं नव्हतं, पण परत आलेल्या मालाची नोंद एका दुपारी दोन तास बंद होती. म्हणजे ‘शून्य’ खोटं ठरलं असतं आणि तो ग्राहक संदर्भ म्हणून फोनवर आला असता तर त्यानेच ते सांगितलं असतं. कार्डावर गेलं: ‘माल रवाना होणं एकदाही थांबलं नाही.’ दावा थोडा अरुंद झाला, पण आक्षेपाला नेमका बसला.

प्रत्येक पुराव्यासोबत चार गोष्टी असाव्यात: काय घडलं, कोणत्या प्रकारच्या ग्राहकाकडे, कधी, आणि तो वापरायची मुभा किती. मुभेसाठी तीन शिक्के पुरतात: ‘पाठवा’, ‘फक्त बोला’, ‘आतल्यासाठी’. ग्राहकाने नाव वापरायची लेखी परवानगी दिली असेल तर ‘पाठवा’. नाव न घेता सांगता येत असेल तर ‘फक्त बोला’. नाव टाळूनही तो कोण हे ओळखू येत असेल, म्हणजे त्या धंद्यात तसा एकच असेल, तर ‘आतल्यासाठी’. हा शिक्का नसला की प्रतिनिधीला ऐन कॉलवर परवानगीचा निर्णय घ्यावा लागतो, आणि मग तो एक तर गप्प बसतो किंवा नाव घेऊन मोकळा होतो.

टक्केवारी दिसली की थांबा. ‘साठामोजणीचा वेळ 40 टक्क्यांनी कमी’ असं असेल तर किती तासांवरून किती तासांवर, आणि मोजलं कुणी? दोन-तीन ग्राहकांचेच आकडे असतील तर त्यांची सरासरी काढून ‘आमच्या ग्राहकांना’ असं म्हणू नका. एकाचाच आकडा द्या, दहा तासांची मोजणी सहा तासांवर आली असं. ते कानाला पटतंही जास्त.

प्रमाणपत्रांच्या ओळी नीट वाचून लिहायच्या असतात, कारण त्या आयटीवाल्यासमोर उघड्या पडतात. माहितीच्या सुरक्षेसाठी ‘आयएसओ 27001 प्रमाणित’ एवढं लिहिणं अपुरं आहे. त्या प्रमाणपत्रावर व्याप्ती लिहिलेली असते, आणि ती कंपनीच्या एखाद्याच विभागापुरती किंवा कार्यालयापुरती असू शकते. विकत असलेली सेवा त्या व्याप्तीत येते का ते बघा, आणि मुदत कधी संपते तेही. हे प्रमाणपत्र साधारणपणे तीन वर्षांचं असतं आणि मध्ये दरवर्षी तपासणी होते. एसओसी 2 चे दोन प्रकार आहेत. प्रकार 1 एका ठरावीक तारखेला नियंत्रणांची रचना योग्य होती का ते सांगतो. प्रकार 2 ती नियंत्रणं काही महिन्यांच्या कालावधीत प्रत्यक्ष काम करत होती का ते तपासतो. ग्राहकाला बहुधा दुसरा हवा असतो. कार्डावर प्रकार आणि कालावधी दोन्ही लिहा. हा अहवाल मर्यादित वाचकांसाठीच असतो आणि सहसा गोपनीयतेचा करार झाल्यावरच दिला जातो, म्हणून तिथे शिक्का ‘फक्त बोला’, आणि पुढे ‘अहवाल मागितला तर सुरक्षा टीमकडून’.

प्रतिस्पर्ध्याबद्दलच्या ओळींना एकच कसोटी लावा: हे कार्ड उद्या त्यांच्याच हाती पडलं तर आपण मान खाली घालू का? कार्डं बाहेर जातात. कुणी चुकून ग्राहकाला जोडून पाठवतो, कुणी नोकरी बदलतो. ‘त्यांची सेवा भिकार आहे’ हे काढून टाका. ‘त्यांच्या जाहीर मदतपानानुसार रात्रीची मदत सर्वांत वरच्या योजनेतच मिळते’ हे ठेवा, आणि ते कोणत्या तारखेला पाहिलं तेही. तारीख नसलेली तुलना काही महिन्यांत खोटी होते आणि आपल्याला कळतही नाही.

मांडणी आणि शोध

सगळ्या ओळींचा क्रम एकसारखा ठेवा, म्हणजे चार दिवसांत डोळ्याला जागा पाठ होते. आपली ओळ शेवटी अशी दिसली:

> ‘मागच्या वेळी तीन दिवस माल बाहेर गेला नाही. पुन्हा तो ताप नको.’
>
> बोला: आम्ही एका दिवसात सगळं बदलत नाही. दोन आठवडे तुमची जुनी प्रणाली आणि आमची नवी सोबत चालतात. रोज संध्याकाळी दोन्हींतला साठा ताडून बघतो. आकडे सलग पाच दिवस जुळले की मगच जुनी बंद करायची, आणि तो दिवस तुम्ही ठरवायचा.
>
> पुरावा (फक्त बोला): घाऊक वितरक, 3 गोदामं. 11 दिवस दोन्ही सोबत. माल रवाना होणं एकदाही थांबलं नाही.
>
> पुढचा प्रश्न: ‘दोन्हीकडे नोंदी?’ पहिला आठवडा जुन्यातच. दुहेरी नोंद दुसऱ्या आठवड्यात, एकाच विभागात.
>
> मर्यादा: 5 पेक्षा जास्त गोदामं असतील तर मुदत सांगू नका, ऑनबोर्डिंग टीमला घ्या.
>
> शोधशब्द: मायग्रेशन, डेटा हलवणं, बदल, बंद, डाउनटाइम, जुनं सॉफ्टवेअर

ठळक अक्षरं फक्त आक्षेपाला आणि लेबलांना. उत्तरातले ‘महत्त्वाचे’ शब्द ठळक करत गेलं की पाचव्या ओळीपर्यंत सगळंच ठळक होतं आणि डोळा कुठेच टेकत नाही. रंगांच्या भरवशावरही राहू नका. बऱ्याच जणांना लाल-हिरव्यातला फरक नीट दिसत नाही आणि छापील प्रत काळी-पांढरी निघते.

शेवटची शोधशब्दांची ओळ क्षुल्लक वाटते, पण पुष्कळ प्रतिनिधी कार्ड वाचतच नाहीत, थेट `Ctrl+F` दाबतात. ग्राहक ‘रेट’ म्हणाला, कार्डावर ‘किंमत’ आहे, तर शोध रिकामा येतो. म्हणून ग्राहक वापरतात ते शब्द, टीममध्ये रुळलेले शब्द आणि टाइप करताना होणाऱ्या नेहमीच्या चुका त्या ओळीत बारीक अक्षरात ठेवा. रोमन लिपीत टाइप करणारे असतील तर त्या लिपीतले शब्दही घाला. मजकूर चित्र म्हणून चिकटवलेला असेल तर शोध चालत नाही. युनिकोड नसलेल्या जुन्या मराठी फाँटात तो टाइप केलेला असेल तर पडद्यावर अक्षरं छान दिसतात, पण शोधायला गेलं की काहीच सापडत नाही. पीडीएफ काढल्यावर त्यातलाच एखादा जोडाक्षराचा शब्द शोधून बघा. काही वेळा मूळ फाइल ठीक असते आणि पीडीएफमध्ये जोडाक्षरं तुटतात.

घड्याळ लावून तपासा

कार्ड ‘कसं वाटलं?’ असं विचारलं तर सगळे छान म्हणतात. त्याऐवजी पाच जणांना एकेकटं बसवा, त्यात एक तरी नवखा हवा. कार्ड उघडं ठेवायला सांगा आणि ग्राहकाच्या सुरात आक्षेप म्हणा. मात्र कार्डावरचं वाक्य जसंच्या तसं म्हणू नका, कारण ग्राहकही तसं म्हणणार नाही. ‘दिवाळं निघालं होतं आमचं गेल्या वेळी बदल करताना’ असं काहीतरी बोला. तुमचं वाक्य संपल्यापासून तो उत्तर बोलायला लागेपर्यंतचे सेकंद मोजा. दहाच्या आत आला तर ओळ पास.

नापास झालेल्या ओळी कशामुळे नापास झाल्या ते बघण्यातच खरं काम आहे. प्रतिनिधीला ओळ सापडलीच नाही, तर दोष शीर्षकाचा, क्रमाचा किंवा शोधशब्दांचा. त्याने भलतीच ओळ उघडली, तर दोन आक्षेप एकमेकांत गुंतलेत. गटवारीकडे परत जा. ओळ सापडली पण वाचताना अडखळला किंवा शब्द बदलून बोलला, तर उत्तर बोली भाषेत नाही. त्याने बदललेले शब्द लिहून घ्या, बहुधा तेच चांगले असतात. आणि उत्तर छान दिलं पण पुराव्यापर्यंत पोचलाच नाही, तर उत्तर लांब आहे किंवा पुरावा नजरेच्या टप्प्यात नाही.

नवखा आणि जुना यांच्या वेळात फार अंतर पडलं तर जुन्याचा वेळ धरू नका. त्याला कार्ड लागतच नाही, तो आठवणीतून बोलतोय.

कार्ड जुनं होऊ देऊ नका

संपूर्ण कार्डाला एक तारीख देऊन भागत नाही. प्रत्येक ओळीला तपासल्याची तारीख आणि ती कुणी तपासली ते बारीक अक्षरात असू द्या, कारण ओळी वेगवेगळ्या वेगाने जुन्या होतात. किमतीची तुलना लवकर शिळी होते, स्थलांतराची पद्धत सावकाश. तीन महिन्यांनी एकदा सगळं कार्ड वाचायचं, आणि मध्येच काही घडलं, म्हणजे प्रतिस्पर्ध्याने दर बदलले, आपल्या प्रॉडक्टमध्ये काही नवं आलं किंवा संदर्भाचा ग्राहकच सोडून गेला, तर त्याच आठवड्यात ती एक ओळ बदलायची. सोडून गेलेल्या ग्राहकाचा पुरावा कार्डावर राहणं ही फार वेळा घडणारी गोष्ट आहे. ग्राहकसेवेच्या टीमला ‘कोणी गेलं तर कळवा’ असं आधीच सांगून ठेवा.

नवी ओळ आली की एक जुनी मागच्या पानावर जाते, हा नियम पाळायला जड जातो, पण पाळा. कोणती ओळ काढायची ते गेल्या तीन महिन्यांच्या कॉलवरून ठरतं: जो आक्षेप त्यात एकदाही आला नाही, तो गेला.

बदल कळवताना पुन्हा अख्खं कार्ड पाठवू नका. कोणी उघडत नाही, आणि उघडलं तर काय बदललं ते सापडत नाही. बदललेली एक ओळ, जुनी आणि नवी अशी शेजारी शेजारी, टीमच्या ग्रुपवर टाका आणि कार्ड एकाच दुव्यावर ठेवा. तरीही लोक आपापल्या लॅपटॉपवर पीडीएफ उतरवून ठेवतातच. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक पानाच्या तळाशी वापराची शेवटची तारीख छापा, तीन महिन्यांनंतरची, आणि खाली चालू कार्डाचा दुवा द्या.